धानाचा दर आणि सभेचे इतिवृत्त

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हा परिसर धानाचा आहे. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकावयाचे, आषाढात रोवणी आटोपावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला लागावयाचे, हा येथील शेतीचा ठरलेला क्रम होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी या क्रमात फरक पडला नाही. धान विकण्याच्या वाटा मात्र वाढल्या. गावातला व्यापारी आहे, शासनाचे आधारभूत खरेदी केंद्र आहे, आणि अलीकडच्या काळात शेतकऱ्यांनी स्वतः भागभांडवल घालून उभी केलेली उत्पादक कंपनी ही तिसरी वाट निघाली आहे.

या तिसऱ्या वाटेवर शेतकरी आपला माल स्वतःच्याच कंपनीला विकतो. तो विकणाराही असतो आणि मालकही असतो. त्यामुळे दर कोणी ठरविला, केव्हा ठरविला, पैसे किती मिळाले व किती राहिले, हे प्रश्न येथे व्यापाऱ्याच्या दुकानापेक्षा अधिक नाजूक होतात. त्यांचे उत्तर एकाच कागदावर मिळावयास हवे, आणि तो कागद म्हणजे संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त. अनेक ठिकाणी "धान खरेदीबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर." एवढ्या दोन वाक्यांत हे इतिवृत्त आटोपले जाते. अशा दोन वाक्यांनी काय हरवते, हे एका सभेच्या उदाहरणाने पाहता येईल. दवनीवाड्यासारख्या गावातील कंपनीची ही सभा अभ्यासापुरती कल्पिलेली आहे. तिच्यातील सभासदांची संख्या, कंपनीचे दर व रकमा हिशेब समजावा म्हणून योजल्या असून त्या कोणत्याही एका कंपनीच्या दप्तरातील नाहीत. कायद्याच्या तरतुदी व शासकीय दर मात्र प्रत्यक्षातील आहेत.

कायद्याने घातलेली चौकट

उत्पादक कंपनी ही सहकारी संस्थेचा आत्मा आणि कंपनीचे शरीर घेऊन आली. डॉ. यो. कु. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर कंपनी कायदा, १९५६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र भाग घालण्यात आला व तो फेब्रुवारी २००३ पासून अमलात आला. पुढे २०२० च्या दुरुस्तीने हीच कलमे कंपनी कायदा, २०१३ मध्ये ३७८-ए पासूनच्या क्रमाने समाविष्ट झाली. सभासदाचे भाग कितीही असोत, वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत मत एकच, हे तिचे सहकारी अंग. आणि लेखापरीक्षण, नोंदणी व इतिवृत्ताची शिस्त हे तिचे कंपनीचे अंग.

संचालक मंडळात ५ ते १५ संचालक असतात. दर तीन महिन्यांतून निदान एकदा आणि वर्षातून निदान चार वेळा सभा झाली पाहिजे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने सात दिवस आधी सूचना द्यावयाची असते. कमी मुदतीत सभा बोलाविली तर त्याचे कारण लेखी नोंदवावे लागते. गणपूर्तीसाठी एकतृतीयांश, परंतु किमान तीन संचालक हजर असावे लागतात. सभा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत इतिवृत्त लिहून त्यावर सही व्हावयास हवी. पृष्ठांना ओळीने क्रमांक असावेत आणि वेगळा टंकलिखित कागद वहीत डकवू नये, हे नियमात स्पष्ट आहे. एखाद्या ठरावास कोणी विरोध केला असेल तर त्या संचालकाचे नाव त्या ठरावाखाली यावे लागते.

आपल्या उदाहरणातील कंपनीचे ३१२ सभासद आणि ९ संचालक आहेत. सभा एप्रिल २०२५ मधील असून ७ संचालक हजर आहेत. २०२४ च्या खरिपातील बारीक धानाची खरेदी व विक्री पूर्ण झाली आहे. सभेपुढे तीन विषय आहेत : खरेदीच्या दराचा हिशेब, सभासदांचे राहिलेले पैसे आणि येत्या खरिपाची तयारी.

एका धानाच्या तीन रकमा

कायद्याच्या ३७८-ई या कलमात सभासदाला मिळणाऱ्या पैशाचे टप्पे सांगितले आहेत. माल घालताना सभासदाला मंडळाने ठरविलेली रक्कम प्रथम मिळते. किमतीचा काही भाग कंपनी पुढील तारखेस देण्यासाठी राखून ठेवू शकते. त्याला आपण "राखीव किंमत" म्हणू. वर्षअखेर नफा उरला तर त्यातून, ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात, जी रक्कम वाटली जाते तिला कंपनीच्या कागदपत्रांत "पॅट्रोनेज बोनस" म्हणतात.

या तीन रकमा एकाच पिशवीतील वाटल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. पहिली रक्कम मिळून गेलेली असते. दुसरी ही सभासदाचे कंपनीकडे असलेले येणे आहे. नफा होवो वा न होवो, ती किमतीचाच भाग असल्यामुळे कंपनीच्या पुस्तकात ती देणे म्हणूनच दिसली पाहिजे. तिसरी रक्कम नफ्यातून येते. नफा नसेल तर ती नाही. राखीव किंमत किती असावी हे संचालक मंडळ ठरवू शकते. बोनसबाबत मंडळ केवळ शिफारस करते आणि मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभेचीच लागते.

आपल्या कंपनीच्या मंडळाने ऑक्टोबर २०२४ च्या सभेत बारीक धानाचा दर क्विंटलला २,६०० रुपये ठरविला होता. त्यापैकी २,४५० रुपये काट्यावर माल घालताच बँक खात्यात आणि १५० रुपये राखीव. त्या हंगामात केंद्र शासनाची आधारभूत किंमत साधारण धानास २,३०० रुपये व "अ" दर्जाच्या धानास २,३२० रुपये होती. गावातला व्यापारी त्याच दिवसांत २,५५० रुपये देत होता असे धरू. ज्या सभासदाने कंपनीला धान घातले त्याच्या हाती त्या दिवशी व्यापाऱ्यापेक्षा शंभर रुपये कमी आले. "आपलीच कंपनी आणि आपल्यालाच कमी," असा सूर गावात निघतो तो येथे.

त्याला उत्तर देण्यासाठी ऑक्टोबरच्या इतिवृत्तात १५० रुपयांचे नाव, रक्कम आणि ती देण्याची तारीख या तिन्ही गोष्टी असणे आवश्यक होते. तारीख नसेल तर राखीव किंमत ही सभासदांकडून बिनव्याजी घेतलेली उसनवारी होऊन बसते. राखीव किंमत रोखीऐवजी वस्तुरूपाने किंवा भागांच्या रूपाने देण्याची मुभाही कायद्यात आहे. परंतु रोखीची आशा लावून नंतर भागपत्र हाती ठेवले तर विश्वास उडतो. ते आधीच ठरावात लिहिलेले असावे.

ओलावा आणि वजन

दर हा नेहमी एखाद्या प्रतीचा दर असतो. आधारभूत खरेदीत धानाच्या ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. आपल्या कंपनीनेही १७ टक्के हाच पाया धरला आहे. कापणीनंतर लगेच चुरणे करून आणलेल्या धानात ओलावा याहून अधिक असतो. अशा वेळी काट्यावरचा माणूस अंदाजाने "पोत्यामागे किलो-दीड किलो" कापू लागला तर तंटा ठरलेलाच. म्हणून कपातीची रीत इतिवृत्तातच लिहून ठेवावी. रीत सोपी आहे. १९ टक्के ओलाव्याच्या १०० किलो धानात कोरडा भाग ८१ किलो असतो. १७ टक्क्यांच्या धानात तो ८३ किलो असतो. म्हणून आलेल्या वजनाला ८१ ने गुणून ८३ ने भागावे. १०० किलोचे सुमारे ९७.६ किलो धरले जातात. कपात अडीच किलोच्या आतच राहते.

एका सभासदाचा हिशेब पाहू. त्याने ४० किलोचे ३० कट्टे, म्हणजे बारदान्याचे वजन वजा जाता १२ क्विंटल धान आणले. यंत्रावर ओलावा १९ टक्के निघाला. १७ टक्क्यांच्या पायावर ते ११.७१ क्विंटल झाले. २,४५० रुपयांप्रमाणे काट्यावरची रक्कम २८,६८९ रुपये ५० पैसे. जून २०२४ मध्ये त्याने कंपनीकडून २,००० रुपयांचे बियाणे उधारीवर घेतले होते. ते वजा जाऊन त्याच्या खात्यात २६,६८९ रुपये ५० पैसे जमा झाले. राखीव किंमत ११.७१ क्विंटलवर १,७५६ रुपये ५० पैसे. पावतीवर आलेले वजन, ओलावा, धरलेले वजन, कपात आणि राखीव रक्कम अशा पाचही गोष्टी वेगळ्या रकान्यांत असतील तर हा सभासद घरी जाऊन शाळेत जाणाऱ्या मुलीकडून आपला हिशेब पडताळून घेऊ शकेल.

नफा दिसतो तेवढा असतो काय?

एप्रिलच्या सभेतील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे खरेदी-विक्रीचा गोषवारा. ८४ सभासदांनी एकूण १,२०० क्विंटल धान घातले. २,६०० रुपयांप्रमाणे त्याची किंमत ३१ लाख २० हजार रुपये. यापैकी २९ लाख ४० हजार रुपये देऊन झाले असून १ लाख ८० हजार रुपये राखीव आहेत. हमाली, बारदाना, वाहतूक, गोदामभाडे व व्याज मिळून क्विंटलमागे ११० रुपये, म्हणजे १ लाख ३२ हजार रुपये खर्च आला. धान सुकवून राईस मिलला २,८८० रुपये दराने विकले.

येथे घाईने हिशेब करणारा १,२०० ला २,८८० ने गुणतो. विक्री ३४ लाख ५६ हजार आणि खर्च वजा जाता नफा २ लाख ४ हजार रुपये, असे त्याला दिसते. प्रत्यक्षात गोदामातून १,२०० क्विंटल बाहेर पडलेलेच नाही. १७ टक्के ओलाव्याचे धान १४ टक्क्यांवर आले की त्याचे वजन १,१५८ क्विंटल उरते. ४२ क्विंटल ही सुकतीची घट होय. ती कोणाची चोरी नव्हे, ते उडून गेलेले पाणी आहे. मिलच्या काट्यावर मात्र १,१५० क्विंटल भरले. उरलेल्या ८ क्विंटलचा खुलासा सुकतीने होत नाही. सांडलेले धान, उंदीर, फाटके कट्टे, काट्यातील फरक, यांपैकी काय घडले हे मंडळाने विचारले पाहिजे आणि उत्तर इतिवृत्तात आले पाहिजे. सुकतीचे गणित आधी मांडले म्हणूनच हे ८ क्विंटल डोळ्यांत भरतात. "एकूण घट ५० क्विंटल" असे मोघम लिहिले की ते पाण्याबरोबर वाहून जातात.

१,१५० क्विंटलची विक्री ३३ लाख १२ हजार रुपये होते. खरेदी व खर्च वजा करता ६० हजार रुपये उरतात, म्हणजे क्विंटलमागे ५० रुपये. घाईचा आकडा आणि खरा आकडा यांत १ लाख ४४ हजारांचे अंतर आहे. घाईच्या आकड्यावर विसंबून एखाद्या संचालकाने गावात क्विंटलमागे दीडशे रुपये बोनसची भाषा केली असती तर त्यासाठी १ लाख ८० हजार रुपये लागले असते. ते आणावयाचे कोठून? बहुधा राखीव किमतीतून, म्हणजे सभासदाचेच पैसे त्याला बक्षीस म्हणून देऊन.

आता प्रश्न ६० हजारांचा. व्यवस्थापक क्विंटलमागे ३० रुपये, म्हणजे ३६ हजार रुपये बोनस आणि बाकीची रक्कम राखीव निधीत, असा प्रस्ताव मांडतो. त्याप्रमाणे सभासदाला एकूण २,६३० रुपये पडतील. व्यापाऱ्याच्या दरापेक्षा ८० रुपये जास्त, परंतु त्यातले १८० रुपये काही महिने उशिरा. एक संचालक मात्र विरोध नोंदवितो. त्याचे म्हणणे असे की व्यवस्थापकाचा पगार या हिशेबात आलेलाच नाही. २०२० मध्ये मंजूर झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य आहे आणि ही कंपनी सध्या त्यावर चालते. साहाय्य संपल्यावर महिना २५ हजार पगार धरला तर वर्षाचे ३ लाख रुपये लागतील. क्विंटलमागे ५० रुपये उरत असतील तर त्यासाठी ६,००० क्विंटल धान हवे. आज आहे १,२०० क्विंटल.

हा विरोध "सर्वानुमते मंजूर" या शब्दांखाली दडपला गेला असता तर सर्वसाधारण सभेला बोनस मंजूर करताना खरी परिस्थिती कळलीच नसती. विरोधकाचे नाव व कारण लिहिण्याची कायद्यातील तरतूद भांडणासाठी नाही. ज्यांना अंतिम निर्णय घ्यावयाचा आहे त्यांच्यापुढे दोन्ही बाजू याव्यात, हा तिचा हेतू आहे.

ठरावाची भाषा

राखीव किमतीचा ठराव पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

"ठराव क्र. ३. खरीप २०२४ मध्ये ८४ सभासदांनी घातलेल्या १,२०० क्विंटल (१७ टक्के ओलाव्याच्या पायावर) बारीक धानाची राखीव किंमत क्विंटलमागे १५० रुपये, एकूण १,८०,००० रुपये, सभासदांच्या बँक खात्यात १५ मे २०२५ पर्यंत जमा करावी. सभासदवार यादी परिशिष्ट 'अ' म्हणून नोंदवहीत क्रमांकाने नमूद आहे. या यादीत स्वतःचे धान असलेल्या चार संचालकांनी तसे सभेत सांगितले. सूचक, अनुमोदक. विरोध : नाही."

बोनसचा ठराव वेगळा असावा आणि त्यात "मंजूर" हा शब्द नसावा. "लेखापरीक्षणानंतरच्या आकड्यांच्या अधीन राहून वार्षिक सर्वसाधारण सभेस शिफारस" असे म्हणावे. कंपनी जर शासनाचे आधारभूत खरेदी केंद्रही चालवीत असेल तर त्या खरेदीची नोंद तिसऱ्या ठरावात करावी. तेथे दर शासनाचा असतो व कंपनीला केवळ ठरलेला मोबदला मिळतो. ते धान कंपनीच्या स्वतःच्या खरेदीत मिसळले की राखीव किंमत व बोनस दोन्ही हिशेब बिघडतात.

हितसंबंधाची नोंद विशेष काळजीने व्हावी. धान घेणाऱ्या राईस मिलमध्ये किंवा बियाणे पुरविणाऱ्या कृषी केंद्रात एखाद्या संचालकाची भागीदारी असेल तर त्याने ती सभेत उघड केली पाहिजे, आणि त्या विषयापुरते मतदानापासून दूर राहणे हेच शोभते.

येत्या खरिपाची आखणी

सभेचा तिसरा विषय पहिल्या दोहोंतूनच निघतो. मिलला एकजिनसी बारीक धान हवे असते. दोन वाणांची मिसळ झाली की दर पडतो. म्हणून किती सभासद कोणता वाण लावणार, हे एप्रिलमध्येच ठरले पाहिजे. या भागात ओळखीचा झालेला एचएमटी हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून तयार केला. तो जास्त दिवसांचा असल्यामुळे ज्या बांधीला तलावाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा शेवटपर्यंत आधार आहे तेथेच तो घ्यावा. उंचवट्याच्या बांधीत हलके, लवकर येणारे धान बरे. सर्वांनी एकच वाण लावावा असा सरसकट ठराव करणारे मंडळ परतीचा पाऊस न आल्यास सभासदांना अडचणीत टाकते.

समजा १५० एकरांवर एचएमटी घ्यावयाचे ठरले. एकरी १८ किलो बियाणे धरल्यास २,७०० किलो लागेल. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते. घरचे बियाणे वापरावयाचे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आठवडाभराने मोजावेत, आणि पेरणीपूर्वी ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकून उरलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुवावे. धान हे स्वपरागित पीक असल्याने सरळ वाणाचे निवडलेले घरचे बियाणे चालते. संकरित धानाचे चालत नाही.

बियाणे उधारीवर द्यावयाचे तर आणखी एक मर्यादा पाळावी लागते. कंपनीच्या व्यवसायासंबंधी सभासदाला दिलेली अशी उधारी सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीची असू नये. जूनमध्ये दिलेले बियाणे नोव्हेंबरच्या धानातून वळते होते, तेव्हा मुदत बसते. परंतु संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला उधारी द्यावयाची असेल तर ती संचालक मंडळाच्या अधिकारात नाही. त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. गावातील निम्मे सभासद एकमेकांचे नातलग असतात, आणि नकळत चूक होते ती येथेच. म्हणून उधारीच्या यादीवर सही करण्यापूर्वी संचालकांची व त्यांच्या नात्यातील नावे वेगळी काढावीत.

यापुढे पैशाचे गणित येते. १५० एकरांतून एकरी १४ क्विंटल धरता २,१०० क्विंटल धान होईल. घरचे खाणे, मजुरीपोटी द्यावयाचे धान व बियाणे वजा जाता १,५०० क्विंटल कंपनीकडे येईल असे धरू. काट्यावर २,४५० रुपये द्यावयाचे तर ३६ लाख ७५ हजार रुपये हवेत. कंपनीचे भागभांडवल ३ लाख १२ हजार आणि बँकेची मर्यादा ५ लाख. एका वेळी फार तर ३०० क्विंटल घेता येईल. म्हणजे पाच फेऱ्या. मिलने पैसे द्यावयास पंधरा दिवस लावले तर पाच फेऱ्यांना अडीच महिने लागतात, आणि धान मात्र तीन-चार आठवड्यांत खळ्यावर येते. इतके दिवस कोणता गरजू शेतकरी थांबेल? म्हणून मिलशी सात दिवसांत पैशाची अट आधीच लेखी ठरविणे आणि सभासदांना फेरीनिहाय टोकन देणे, हे दोन निर्णय एप्रिलच्या सभेतच व्हावयास हवेत. तरीही १,५०० क्विंटलवर ५० रुपयांप्रमाणे ७५ हजारच उरतात. विरोध नोंदविणाऱ्या संचालकाचा ३ लाखांचा प्रश्न सुटत नाही, आणि तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर राहतो.

पुढील हंगामाचा दर मात्र एप्रिलमध्ये ठरवू नये. केंद्र शासनाची खरिपाची आधारभूत किंमत साधारणतः पेरणीच्या तोंडावर जाहीर होते. २०२५-२६ साठी साधारण धानाची २,३६९ रुपये ही किंमत मे २०२५ अखेर जाहीर झाली. एप्रिलमध्ये आकडा लिहिणाऱ्या मंडळाला तो बदलावा लागला असता. इतिवृत्तात आकड्याऐवजी रीत लिहावी : कोणत्या तारखेस, कोणत्या बाजाराचा भाव पाहून, किती खर्च वजा करून दर ठरेल आणि त्यातला कितवा भाग राखीव राहील.

वही कपाटात, उतारा फलकावर

संचालक मंडळाच्या इतिवृत्ताची वही पाहण्याचा हक्क सामान्य सभासदाला कायद्याने आपोआप मिळत नाही. तो सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तापुरता आहे. म्हणून दर, राखीव किंमत व ती देण्याची तारीख या तीन ठरावांचा उतारा कंपनीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा ठराव मंडळाने स्वतःहून करणे योग्य होय. कंपनीच्या कामाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यास व पंचायत सदस्यास फार खोलात जावयाचे कारण नाही. एका सभासदाची पावती घ्यावी, तिच्यावरील राखीव रक्कम परिशिष्टातील यादीत शोधावी, यादीची बेरीज ठरावातील आकड्याशी आणि ठरावातील आकडा बँकेच्या खाते उताऱ्याशी जुळतो का ते पाहावे. चारही ठिकाणी तोच आकडा आढळला तर कंपनीचा हिशेब जागेवर आहे. कोठे तो तुटला, तर चौकशी नेमकी तेथूनच सुरू करावी.